काकूंच्या पणत्यांची कॅप्शन: प्रकल्प नोंदी (सांगली, २०२५)

२५ ऑगस्ट, सोमवार

विश्रामबागेत काकूंकडे गेले होते. त्या घरीच मेणबत्त्या आणि मेणाच्या पणत्या करतात, हे तिसरं वर्ष. काम एवढंच, की दिवाळीच्या संग्रहाचा फोटो काढून झालाय, त्याखाली इन्स्टाग्रामवर टाकायची कॅप्शन मी लिहायची. संग्रहात दोनच वस्तू आहेत. एक, मातीच्या पणतीत ओतलेलं सोया मेण, चार पणत्यांचा बॉक्स. दुसरी, काचेच्या बरणीतली दीडशे ग्रॅमची सुगंधी मेणबत्ती.

काकूंनी वहीत मुद्दे लिहून ठेवले होते. बर्न टाइम, बल्क ऑर्डर, शिपिंगची शेवटची तारीख. मला वाटलं तासाभराचं काम. मग गेल्या वर्षीची कॅप्शन वाचली. "शिपिंगची शेवटची तारीख २३ ऑक्टोबर." मी विचारलं, "काकू, ही ऑर्डर द्यायची तारीख, पार्सल निघायची, की पोचायची?" त्या गप्प. मग म्हणाल्या, "अगं, तिथंच तर घोळ झाला." नाशिकच्या एका बाईंनी २३ च्या रात्री अकरा वाजता पैसे पाठवले. तारखेच्या आतच की. पार्सल २५ ला निघालं आणि भाऊबीज उलटून गेल्यावर पोचलं. बाईंनी सगळ्यांसमोर लिहिलं आणि काकूंनी पैसे परत केले, पणत्याही परत मागितल्या नाहीत.

बर्न टाइमचं तसंच. गेल्या वर्षी पणतीला "४-५ तास" आणि बरणीला "४० तास" लिहिलं होतं. कुठून आले हे आकडे? बरणीचा आकडा मेण देणाऱ्याच्या कॅटलॉगातून. पणतीचा अंदाजाने.

तर आधी मोजायचं, मग लिहायचं. परवा गणपती बसतायत, त्यामुळे सुरुवात शनिवारी.

३० ऑगस्ट, शनिवार

मोजायची पद्धत साधी आहे. काकूंकडे सुगंधी तेल मोजायचा छोटा डिजिटल काटा आहे, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो. पणती पेटवण्याआधी वजन, शांत झाल्यावर वजन, मधला वेळ घड्याळावर. किती ग्रॅम मेण गेलं भागिले किती तास, की ताशी खप निघतो.

पणतीत पाणी भरून मोजलं तर काठोकाठ तीस मिलिलिटर बसतं. मेण पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे काठोकाठ भरली तरी सत्तावीस ग्रॅमच बसेल. काकू काठाच्या खाली थोडी जागा सोडतात, नाहीतर वितळलेलं मेण ओघळतं. म्हणून एका पणतीत बावीस ग्रॅम. त्यातलं शेवटचं दोन ग्रॅम तेवतच नाही. वातीच्या बुडाला पत्र्याची टिकली असते, तिला छोटी मान असते. मेण त्या मानेच्या खाली गेलं की ज्योत शांत होते. हे मुद्दाम असतं, वात तळापर्यंत पेटत राहिली तर पणती तडकते. म्हणजे हिशेब वीस ग्रॅमचा.

दार-खिडक्या बंद, पंखा बंद, पाच पणत्या एकदम. चार तास दहा मिनिटं, एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे. काकू खूश. "बघ, चार तास म्हणत होते की नाही!"

मीही खूश होऊन घरी आले. रात्री जेवताना डोक्यात आलं, बंद खोलीत पणती लावतो कोण?

२ सप्टेंबर, मंगळवार

आज गौरींचं विसर्जन, काकूंकडे पाहुणे. तरी मी सांगितलेल्या दोन्ही चाचण्या त्यांनी करून ठेवल्या होत्या. पहिली, खोलीत पंखा मध्यम वेगावर. तीन तास वीस मिनिटं. दुसरी, दाराबाहेर उंबऱ्याशेजारी, संध्याकाळी साडेसहाला लावलेल्या. पाचपैकी चार पणत्या तीन तास पाच मिनिटं ते तीन तास पंचवीस मिनिटांच्या दरम्यान शांत झाल्या. पाचवी कोपऱ्यावर होती, ती वाऱ्याने तीनदा गेली, तीनदा लावली. तिचा हिशेब धरला नाही, पण वहीत लिहिलाय.

बंद खोलीत ताशी पावणेपाच ग्रॅमच्या आसपास खप, उंबऱ्यावर सव्वासहा. मेण तेच, वात तीच. वाऱ्यात ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूचं मेण भराभर वितळतं, वात जास्त उघडी पडते आणि उघडी वात जास्त मेण ओढते. धूरही जास्त होतो. उंबऱ्यावरच्या पणत्यांच्या एका काठाला काजळी धरली होती, आतल्यांना नाही. वात आधी पाच मिलिमीटरपर्यंत कापून घेतली की काजळी बरीच कमी होते. काकू पाठवतानाच कापून पाठवणार आहेत, त्यामुळे गिऱ्हाईकाला कात्री शोधायला नको.

कोणता आकडा छापायचा यावर चांगलाच वाद झाला. काकूंचं म्हणणं, सगळे जण मोठा आकडा छापतात, आपण तीन लिहिलं तर माणूस दुसरीकडे जाईल. माझं म्हणणं, दिवाळीची पणती दारात, तुळशीपाशी, गॅलरीत लागते. तिथं ती तीन तासच चालणार. सातला लावली तर दहाला शांत होणार, तेवढा वेळ माणसाला पुरतोही. चार छापून तीन मिळाले तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. तीन छापून घरात चार मिळाले तर कोणी तक्रार करत नाही.

शेवटी काकूंचे मिस्टर आतून ओरडले, "तीन लिवा आणि जेवायला वाढा." तीन ठरले.

५ सप्टेंबर, शुक्रवार

भाषेचा मुद्दा, जो मला आधी सुचायला हवा होता. मी पहिला मसुदा वाचून दाखवला, "दाराशी वाऱ्यातही ३ तास जळते." काकूंनी हात वर केला. "सणासुदीला जळते काय म्हणतेस? दिवा तेवतो." बरोबर आहे. बर्न टाइमला मराठी शब्द शोधताना मी "जळण्याचा वेळ" पर्यंत गेले होते, तो वाचला की डोळ्यांसमोर सरण येतं. तेवणे हा शब्द सगळं काम करतो. आणि "विझते" हा शब्द कॅप्शनमध्ये कुठेही नको, हेही ठरलं. आमच्या आजी तर "दिवा वाढव" म्हणायच्या.

दुसरा मुद्दा हळदीचा, आणि इथे आठवडा गेला. काकूंना सांगलीचं काहीतरी हवं होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मग मेणात हळद घालून पिवळी पणती करू, कॅप्शनमध्ये "सांगलीच्या हळदीची पणती" म्हणू. ऐकायला झकास. त्यांनी अर्धा किलो मेणात चहाचा एक चमचा हळद घालून वीस पणत्या ओतल्या.

दिसायला सुरेख झाल्या. पेटवल्यावर पन्नास मिनिटांनी ज्योत मुगाच्या दाण्याएवढी झाली आणि थोड्या वेळाने गेलीच. पणतीत निम्म्याहून जास्त मेण शिल्लक. एक पणती गार करून सुरीने उभी कापली. वरचा भाग फिकट, तळाशी गडद पिवळा थर. हळदीची पूड मेणात विरघळत नाही, ओतल्यावर मेण गोठेपर्यंत ती खाली बसते. वात मेण ओढते तेव्हा ही पूडही धाग्यात जाऊन बसते. वात उलगडून पाहिली तर खालचा भाग चिकट, पिवळा आणि ताठ. मेण वर चढायला वाटच उरली नव्हती.

मग काकूंनी हळद तेलात गरम करून, पातळ कापडातून दोनदा गाळून, ते तेल मेणात घातलं. रंग आला, वातही नीट चालली. पण नमुना खिडकीत ठेवला, तर ऊन लागणारी बाजू आठवड्यात उडाली आणि भिंतीकडची पिवळीच राहिली. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, साडीवरचा डाग उन्हात जातो ते यामुळेच. (ही ओळ शुक्रवार, १२ तारखेची, इथेच जोडून लिहिते.)

निर्णय: पणतीत मेणबत्तीचा तयार रंग. हळद मेणात नाही, बॉक्सवर. प्रत्येक बॉक्सच्या दोऱ्याला एक हळकुंड बांधायचं. कॅप्शनमध्ये "हळदीची पणती" लिहायचं नाही, "सोबत सांगलीचं हळकुंड" लिहायचं. काकूंना थोडं वाईट वाटलं. मला नाही, हळकुंड फोटोत छान दिसतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

मिरजेला कुंभारमामांकडे. कारण असं, की परवाच्या चाचणीत पांढऱ्या टेबलक्लॉथवर पणतीखाली तेलकट गोल उमटला होता. मातीची पणती आतून रंध्रांनी भरलेली असते, वितळलेलं मेण हळूहळू त्यात मुरतं आणि बाहेरच्या अंगाला झिरपतं. तेलाची पणती आपण आधी पाण्यात भिजत घालतो, म्हणजे तिची रंध्रं पाण्याने भरतात आणि ती तेल कमी पिते. मेणाच्या पणतीला हा उपाय चालत नाही. ओल्या मातीवर गरम मेण ओतलं की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे येतात, आणि नंतर ज्योत तडतडते.

मामांनी पणती हातात घेऊन टिचकी मारली, आवाज ऐकला. "कच्ची हाय. पावसात भट्टी नीट लागली न्हाई. जळण ओलं, माल ओला." पूर्ण भाजलेल्या पणतीचा आवाज खणखणीत येतो, कच्चीचा बद्द. त्यांनी दोन गोष्टी कबूल केल्या. वाळायच्या आधी आतली बाजू गुळगुळीत गोट्याने घोटून देणार, आणि पुढची भट्टी ऊन पडेल तेव्हाच लावणार. घोटलेल्या पणतीचे दोन जुने नमुने त्यांच्याकडे होते, ते घेऊन आलो. रात्री चाचणी केली. डाग उमटला, पण पहिल्याच्या पाव भागाएवढा.

म्हणजे पूर्ण जात नाही. कॅप्शनमध्ये ओळ घालायची, "खाली बशी ठेवा." काकू म्हणाल्या, दोष कशाला सांगायचा? मी म्हटलं, कुणाच्या संगमरवरी उंबऱ्यावर डाग पडला की तेच सांगतील.

जाता जाता मामांनी सांगितलेलं जास्त महत्त्वाचं. ऊन पडल्याशिवाय भट्टी नाही, म्हणजे पणत्या किती मिळतील ते आत्ता सांगता येत नाही. दोन हजारांच्या वर शब्द द्यायला ते तयार नाहीत. बल्क ऑर्डरची कमाल मर्यादा इथे ठरली, काकूंच्या वहीत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बरणीची चाचणी संपली. रोज संध्याकाळी चार तास, खोलीत, पंखा बंद. पहिल्या दिवशी सतरा ग्रॅम मेण गेलं. मग एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, आणि सहाव्या दिवशी चोवीस. मेण खाली जातं तशी बरणीची भिंत उष्णता धरून ठेवते, म्हणून खप वाढत जातो. सहा दिवसांत चोवीस तास आणि १२३ ग्रॅम. सातव्या दिवशी अडीच तासांनी ज्योत गेली, तळाशी बारा ग्रॅम उरलं. एकूण साडेसव्वीस तास.

कॅटलॉगातले चाळीस तास आले कुठून ते आता कळलं. पहिल्या काही तासांतला खप, ताशी चार ग्रॅमच्या आतबाहेर, तोच शेवटपर्यंत राहील असं धरलं, आणि तळाशी उरणारं मेणही मोजलं. दीडशे भागिले चार, साडेसदतीस. त्यावरून "४०".

आम्ही "२५ तास" लिहिणार. पण अट आहे. पहिल्या वेळी मेण काचेच्या काठापर्यंत वितळेपर्यंत लावून ठेवायची, या बरणीला तीन तास लागतात. तासाभरात बंद केली तर वातीभोवती विहिरीसारखा खड्डा पडतो, आणि पुढच्या वेळी ज्योत त्या खड्ड्यातच खाली खाली जाते. बाजूचं मेण भिंतीला तसंच राहतं. अशा बरणीचे पंधरा तासही मिळत नाहीत. गेल्या वर्षी दोन तक्रारी याच होत्या, आता काकूंना त्यांचं कारण कळलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

बल्कचा हिशेब. एका पतसंस्थेने चौकशी केली आहे, सभासदांना भेट म्हणून तीनशे बॉक्स, वर संस्थेचं चिन्ह. तीनशे बॉक्स म्हणजे बाराशे पणत्या. काकू आणि मदतीला येणाऱ्या ताई मिळून दिवसाला एकशेवीस ओततात, त्यापेक्षा जास्त घाई केली की वाती वाकड्या बसतात. म्हणजे दहा दिवस. शिवाय सुगंधी सोया मेण ओतलं की लगेच पाठवायचं नसतं, सात दिवस झाकून ठेवलं की वास मेणात बसतो. लगेच लावलं तर वास कमी येतो. मग एक दिवस पॅकिंग.

वसुबारस १७ ऑक्टोबर, शुक्रवारी. संस्थेला वाटायला तीन दिवस हवेत, म्हणजे १४ ला माल त्यांच्या दारात. मागे मोजत गेलो. १३ ला पॅकिंग. शेवटची खेप ५ ऑक्टोबरला ओतून झाली तर ती १२ ला तयार. दहा दिवस ओतायचे आणि दसरा २ ऑक्टोबर सोडायचा, म्हणजे सुरुवात २५ सप्टेंबरला. म्हणून आगाऊ रक्कम २४ ला हातात हवी, नाहीतर नाही.

इथे एक अडचण आली, जी कोणत्याही हिशेबात बसत नाही. पितृपक्ष चालू आहे. काकू ठामपणे म्हणाल्या, दिवाळीच्या संग्रहाची घोषणा पितृपक्षात नाही, घटस्थापनेला करायची. घटस्थापना २२ ला, सोमवारी. आणि मोठ्या ऑर्डरची शेवटची तारीख २४. म्हणजे जगाला कळल्यापासून दोन दिवस!

तोडगा असा निघाला. ज्या संस्था आणि दुकानं चौकशी करतात त्यांना व्हॉट्सॲपवर साधा दरपत्रक संदेश आत्ताच जाईल, "चौकशीसाठी." व्यवहार घटस्थापनेनंतर. काकूंना हे चाललं, कारण पैसे पितृपक्षात येत नाहीत. आणि कॅप्शनमध्ये बल्कच्या दोन तारखा येतील. चिन्ह छापलेले बॉक्स हवे असतील तर २४ सप्टेंबर, साधे हवे असतील तर ३० सप्टेंबर, पण तेव्हा पन्नास ते शंभर बॉक्सपर्यंतच.

दरही छापायचे ठरले. एक बॉक्स २४० रुपये, पन्नासपासून २०५, दोनशेपासून १९०. "किमतीसाठी मेसेज करा" लिहिलं की निम्मे लोक मेसेज करत नाहीत, उरलेले निम्मे किंमत ऐकून उत्तर देत नाहीत, आणि दोघांसाठी काकूंचा दिवस जातो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शिपिंग. काकूंनी गेल्या वर्षीच्या सगळ्या पावत्या डब्यात ठेवल्या आहेत, हे फार बरं केलं. निघाल्याची तारीख पावतीवर आहे, पोचल्याची गिऱ्हाईकांच्या मेसेजमध्ये. एरवी पुण्या-मुंबईला दोन-तीन दिवस, नागपूरला चार, राज्याबाहेर सहा-सात. पण धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात निघालेली पार्सलं जवळपास दुप्पट वेळ घेऊन पोचली. म्हणून शेवटच्या आठवड्यावर विसंबायचंच नाही.

पार्सल १७ च्या आत पोचायला हवं. राज्याबाहेरचं शेवटचं पार्सल ८ ऑक्टोबरला निघेल, महाराष्ट्रातलं ११ ला. पॅकिंगला दोन दिवस. म्हणून ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख बाहेरच्यांना ६, महाराष्ट्राला ९, दोन्ही रात्री आठपर्यंत. सांगली-मिरज-कुपवाडला घरी येऊन न्यायचं असेल तर १७ पर्यंत, माल असेल तर.

कॅप्शनमध्ये फक्त ऑर्डरची तारीख जाईल. पार्सल कधी निघतं ही आमची भानगड आहे. "शिपिंगची शेवटची तारीख" हे शब्दच काढून टाकले, "ऑर्डर या तारखेपर्यंत" असं लिहिलं. नाशिकच्या बाईंना हेच हवं होतं.

दोन गोष्टी बॉक्समधून निघाल्या. काकू हौसेने प्रत्येक बॉक्समध्ये छोटी काड्यापेटी ठेवत होत्या. काड्यापेटी धोकादायक मालात मोडते, कुरिअरवाले घेत नाहीत. मेण घन असल्याने त्याला अडचण नाही. काड्यापेटी काढली, फोटोतूनही कापली, कारण फोटोत दिसलेली वस्तू बॉक्समध्ये नसली की भांडण. दुसरं, बॉक्सचा आकार. कुरिअरवाले सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजारांनी भागतात, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे घेतात. काकूंचा बॉक्स पंचवीस बाय पंचवीस बाय दहाचा, म्हणजे सव्वा किलो धरला जातो. खरं वजन जेमतेम सातशे ग्रॅम. वीस बाय वीस बाय नऊचा बॉक्स सापडला, त्यात पणत्या नीट बसतात आणि हिशेब पाऊण किलोच्या खाली येतो.

२० सप्टेंबर, शनिवार

लिहायला आज बसले. मजकुराला इन्स्टाग्रामवर जागा भरपूर आहे, बावीसशे अक्षरं. पण "आणखी" दाबायच्या आधी दिसतात ती साधारण पहिली सव्वाशे, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा पाय, सगळं वेगळं मोजलं जातं. "महाराष्ट्रात" हा एकच शब्द बारा खातो. माझी पहिली ओळ होती, "दिवाळीच्या मंगल पर्वावर तुमच्या घरी उजळू दे प्रकाशाचा आनंद". निम्मी जागा गेली आणि कळलं काहीच नाही. ती काढली.

पहिल्या ओळीत तेवण्याचा वेळ आणि ऑर्डरची तारीख, दोन्ही. मोजली, ११७ भरली. बाकी सगळं खाली.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

घट बसले, आरती झाली, मग काकूंनी स्वतः बटण दाबलं. अखेरचा मजकूर इथे ठेवते:

> मातीची पणती, सोया मेण. दाराशी वाऱ्यातही ३ तास तेवते. पार्सलसाठी ऑर्डर: महाराष्ट्रात ९ ऑक्टोबर, बाहेर ६ ऑक्टोबरपर्यंत.
>
> बॉक्समध्ये चार पणत्या, सोबत सांगलीचं हळकुंड. २४० रुपये. घरात, वारा नसेल तिथे पणती ४ तासही चालते. माती आहे, थोडं मेण झिरपतं, खाली बशी ठेवा.
>
> सुगंधी बरणी, १५० ग्रॅम: २५ तास. पहिल्या दिवशी सलग ३ तास लावा, म्हणजे मेण काठापर्यंत वितळतं आणि मधे खड्डा पडत नाही.
>
> घाऊक: ५० बॉक्सपासून २०५, २०० पासून १९० रुपये. तुमचं चिन्ह छापून हवं असेल तर २४ सप्टेंबरपर्यंत, साधे बॉक्स (१०० पर्यंत) ३० सप्टेंबरपर्यंत. निम्मी रक्कम आगाऊ.
>
> ऑर्डर शेवटच्या दिवशी रात्री ८ पर्यंत. सांगली, मिरज, कुपवाड: घरून न्या, १७ ऑक्टोबरपर्यंत, पणत्या असेतोवर. क्रमांक प्रोफाइलवर.

काकूंना "पणत्या असेतोवर" फार आवडलं. मला "माती आहे" आवडलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

पतसंस्थेची निम्मी रक्कम दुपारी तीनला आली. त्यांच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "तीनशेचे साडेतीनशे होतील का?" दोनशे पणत्या वाढल्या की दोन दिवस वाढले, ते दोन दिवस आमच्याकडे नाहीत. काकूंनी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं त्या काहीच बोलल्या नाहीत, मग ताईंना म्हणाल्या, "वाती कापायला घे."

कॅप्शनखाली एकाने विचारलं, पणती पुन्हा भरून मिळेल का. सुचलंच नव्हतं. स्थानिकांना मिळेल, पंधरा रुपयांत, असं काकूंनी उत्तर दिलं. कॅप्शनमध्ये घातलं नाही, आधीच लांब झाली आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी बंगळुरूहून सहा बॉक्सची ऑर्डर आली. काकूंनी मला फोन केला, घेऊ का? मी म्हटलं, घ्यायची तर घ्या, पण १७ च्या आधी पोचेल असं लिहून देऊ नका. त्यांनी तसंच कळवलं. त्या बाई म्हणाल्या, चालेल, तुळशीच्या लग्नाला लावेन.

आज सकाळी पहिल्या ओळीतली बाहेरची तारीख काढली, फक्त महाराष्ट्राची ठेवली. आजपासून वाचणाऱ्याला ६ तारीख दिसायला नको.

शेवटच्या खेपेत अडतीस पणत्यांवर पांढुरके चट्टे आले, रात्री खिडकी उघडी राहिली आणि मेण एकदम गार झालं. तेवायला काही फरक नाही, लावून पाहिली. पण संस्थेच्या मालात घातल्या नाहीत, शंभर राखीव होत्या त्यातून भरून काढल्या. चट्टेवाल्या काकू घरी लावणार.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल रात्री आठ वाजता महाराष्ट्राची ऑर्डर बंद झाली. पहिली ओळ पुन्हा बदलली: "मातीची पणती, सोया मेण. दाराशी वाऱ्यातही ३ तास तेवते. आता फक्त सांगली-मिरज-कुपवाड, घरून न्या, १७ ऑक्टोबरपर्यंत." कालची तारीख ओलांडून आज सकाळपासून तिघांनी विचारलं, तिघांना नाही म्हणून झालं. तिघांनीही "आठ वाजेपर्यंत होतं, वाचलं होतं" असंच लिहिलं, भांडण कोणीच केलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पतसंस्थेचे तीनशे बॉक्स सकाळी अकराला टेम्पोतून गेले. ऑक्टोबर हीट चांगलीच आहे, बंद टेम्पोत मेण मऊ पडू नये म्हणून मागचं ताडपत्रीचं तोंड अर्धं उघडं ठेवायला लावलं. दोन बॉक्सवरची हळकुंडं सुटली होती, ती काकूंनी रस्त्यातच उभं राहून बांधली.